प्रलंबित म्हणजे नेमकं कोणाकडे?

आपल्या बिलाचं काय झालं, असं कार्यालयात फोन करून विचारलं की बहुतेक वेळा दोन शब्दांत उत्तर मिळतं: प्रलंबित आहे. विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, पण पुढे काय विचारावं हेही त्याला सुचत नाही आणि फोन ठेवला जातो. मी राज्य शासनाच्या कार्यालयांत आस्थापना शाखेत सत्तावीस वर्षं काढली. रजेचे अर्ज, प्रवासभत्त्याची देयकं, वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची प्रकरणं हेच माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून माझं ठाम मत झालं आहे, की नुसतं ‘प्रलंबित’ हे उत्तर म्हणून स्वीकारताच कामा नये. प्रकरण अडलेलं असतं ते कोणाच्या तरी सहीसाठी, कोणाच्या तरी कागदासाठी किंवा कोणीतरी मागायच्या पैशासाठी. हा ‘कोणीतरी’ पदनामासकट सांगितला जात नाही, तोवर ते प्रकरण पुढे नेणं हे कोणाचंच काम राहत नाही.

महाराष्ट्रातल्या कार्यालयांना हे जुन्या काळापासून ठाऊक आहे. आमच्याकडे सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे. प्रत्येक लिपिकाने आपल्याकडचे कागद सहा गठ्ठ्यांत लावून ठेवायचे असतात आणि त्यांत प्रलंबित प्रकरणांचा गठ्ठा वेगळा, प्रतीक्षाधीन प्रकरणांचा वेगळा. प्रलंबित म्हणजे ज्यावर मीच काहीतरी करायचं बाकी आहे. प्रतीक्षाधीन म्हणजे मी माझं केलं, पत्र पाठवलं, आता समोरच्याच्या उत्तराची वाट पाहतो आहे. ज्याने ही विभागणी केली त्याला कारकुनी मन चांगलं कळत होतं. ‘माझ्यामुळे थांबलंय’ आणि ‘दुसऱ्यामुळे थांबलंय’ या दोन गोष्टी एका गठ्ठ्यात राहिल्या तर दोन्ही सडतात.

पण याच विभागणीत एक पळवाटही आहे आणि ती मी स्वतः वापरली आहे. तपासणीच्या आधी प्रलंबित गठ्ठा जड दिसू लागला, की एखाद्या प्रकरणात बारीकशी त्रुटी काढायची, पत्राला जावक क्रमांक घ्यायचा आणि कागद प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात सरकवायचा. गोषवाऱ्यात माझी प्रलंबित संख्या कमी व्हायची. प्रकरण मात्र जिथल्या तिथे. प्रतीक्षाधीन गठ्ठाही ठरावीक दिवसांनी उघडायचा असतो, स्मरणपत्र काढायचं असतं, दूरध्वनी करायचा असतो. ते काम वाट पाहणाऱ्याचं असतं. हा उत्तरार्ध आम्ही सोयीने विसरलो. माझा सगळा मुद्दा याच विसरलेल्या उत्तरार्धाभोवती आहे.

एक प्रकरण तपशिलात सांगतो. गाव आणि कार्यालय सांगत नाही, रक्कम ढोबळ दिली आहे. एका तालुक्यातल्या कृषी सहायक बाईंना ३ जूनला शेतावरून परतताना हृदयविकाराचा झटका आला. जवळच्या खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली. त्या ३० दिवस रजेवर राहिल्या आणि ३ जुलैला वैद्यकीय व योग्यता प्रमाणपत्र घेऊन रुजू झाल्या. रजेचा अर्ज त्याच दिवशी दिला. रुग्णालयाच्या २ लाख १८ हजारांच्या बिलाच्या प्रतिपूर्तीचा प्रस्ताव २० जुलैला तालुका कृषी अधिकारी कार्यालयात दिला. पैसे त्यांच्या खात्यात जमा झाले ते पुढच्या वर्षीच्या २४ मार्चला. मधले दिवस २४७.

हे २४७ दिवस कुठे गेले, ते मी नंतर आवक-जावक नोंदी समोर ठेवून काढलं. प्रस्ताव तालुक्यातून उपविभागीय कार्यालयामार्गे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे गेला. तिथून तो जिल्हा शल्य चिकित्सकांकडे जातो, कारण बिलातली कोणती रक्कम अनुज्ञेय आहे हे तेच ठरवतात. त्यांच्या कार्यालयात ३५ दिवसांनी त्रुटी निघाली: हृदयात बसवलेल्या स्टेंटचं स्वतंत्र बीजक जोडलेलं नाही. त्रुटी रास्त होती. पण ते पत्र जिल्हा कार्यालय, उपविभाग, तालुका अशा पायऱ्या उतरत बाईंच्या हाती पडायला १८ दिवस लागले. त्यांनी रुग्णालयातून बीजक आणून दोन दिवसांत दिलं. तेच बीजक पायऱ्या चढून पुन्हा शल्य चिकित्सकांपर्यंत पोहोचायला १४ दिवस गेले. तपासणी होऊन १ लाख ७१ हजार अनुज्ञेय ठरले, प्रकरण जिल्हा कार्यालयात परत आलं आणि तिथल्या लेखा शाखेने नवी त्रुटी काढली: पती-पत्नी दोघेही नोकरीत असतील तर या खर्चाचा लाभ एकानेच घेतल्याचं प्रमाणपत्र हवं, ते जोडलेलं नाही. पुन्हा कागद खाली आला, बाईंनी दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र दिलं, पुन्हा कागद वर गेला.

या काळात बाई महिन्यातून दोनदा तरी तालुक्याच्या लिपिकाला विचारायच्या, “भाऊसाहेब, माझं बिल कुठवर आलं?” आणि उत्तर असायचं, “मॅडम, तुमची त्रुटीपूर्तता बाकी होती ना, म्हणून उशीर झाला.” हिशेब केल्यावर काय निघालं? २४७ दिवसांपैकी प्रकरण खुद्द बाईंच्या हातात होतं फक्त तीन दिवस. आणि ज्या दिवसांत ते कोणत्याच टेबलावर नव्हतं, नुसतं एका कार्यालयातून दुसऱ्याकडे वर-खाली होत होतं, ते दिवस भरले ५६. त्या ५६ दिवसांना कोणीही मालक नव्हता. ज्याने कागद पाठवला त्याच्या लेखी तो गेला होता, ज्याच्याकडे जायचा त्याच्या लेखी तो आलेला नव्हता.

त्रुटीच्या बाबतीत जबाबदारी कोणाची, यावर कार्यालयात नेहमी वाद होतो. कागद अर्जदाराने द्यायचा म्हणजे थांबण्याचं कारण अर्जदार, असं सरळ गणित मांडलं जातं. मला ते मान्य नाही. त्रुटीपत्र अर्जदाराच्या हाती पडल्यापासून त्याने कागद देईपर्यंतचा काळ त्याचा, एवढंच. त्रुटी शोधायला लागलेला काळ, ती पोहोचवायला लागलेला काळ आणि पूर्तता परत वर न्यायला लागलेला काळ हा कार्यालयांचा आहे. शिवाय पती-पत्नीच्या प्रमाणपत्राची उणीव काही वैद्यकीय नव्हती. ती पहिल्या दिवशी, २० जुलैला, तालुक्याच्या टेबलावर पाच मिनिटांत सापडली असती. प्रस्ताव स्वीकारणाऱ्या लिपिकाने कागदांची यादी पडताळून पाहिली असती, तर नोव्हेंबर-डिसेंबरमधली दुसरी फेरी झालीच नसती. म्हणून सगळ्या त्रुटी एकदाच काढाव्यात. दुसऱ्यांदा त्रुटी काढायची वेळ आली, तर ती पहिल्यांदा का दिसली नाही हे टिपणीत लिहावं लागावं, म्हणजे पहिली तपासणी मन लावून होईल.

आता रजेकडे वळतो, कारण तिथला अडथळा वेगळ्या जातीचा होता. बाईंनी परिवर्तित रजा मागितली होती. वैद्यकीय प्रमाणपत्रावर मिळणारी ही रजा पूर्ण पगारी असते, मात्र अर्धवेतनी रजेच्या खात्यातून तिचे दुप्पट दिवस वजा होतात, म्हणजे ३० दिवसांसाठी ६०. एवढी शिल्लक आहे का, हे रजेचा हिशेब ठेवणाऱ्याने कळवल्याखेरीज सक्षम अधिकारी आदेश काढू शकत नाही, आणि हिशेब असतो सेवापुस्तकात. सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेलेलं होतं. झालं, रजा प्रलंबित. रजा मंजूर नाही म्हणून त्या ३० दिवसांचा पगारही रोखलेला. आजारपणातून उठलेल्या बाईचा एका बाजूने रुग्णालयाचा खर्च अडकला आणि दुसऱ्या बाजूने पगार.

‘सेवापुस्तक पडताळणीला गेलंय’ हे वाक्य आमच्याकडे पावसाच्या सबबीसारखं चालतं. त्यात खोटं काही नसतं. पण त्यापुढचे प्रश्न कोणी विचारत नाही. कोणत्या तारखेला गेलं? परत मागणारं पत्र गेलं का? त्याचा जावक क्रमांक काय? या प्रकरणात सेवापुस्तक मे महिन्यात पाठवलेलं होतं आणि ऑक्टोबरपर्यंत ते परत मागणारं एकही पत्र निघालेलं नव्हतं. पथकाचा दोष धरायचा तर आधी आपण त्यांना विचारलेलं असायला हवं. शिवाय बाईंकडे दुय्यम सेवापुस्तक होतं. त्यातल्या नोंदी दोन वर्षं मागे राहिलेल्या, पण तेवढ्यावरूनही शिल्लक मुबलक असल्याचं दिसत होतं. त्यावर मंजुरी देणं योग्य होतं की नाही हे अधिकाऱ्याने ठरवायचं. परंतु ते ठरवण्यासाठी प्रकरण अधिकाऱ्यापुढे जायला हवं, आणि ते गेलंच नाही. लिपिकाने ते स्वतःच्या मनाने प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात ठेवलं. अधिकाऱ्याला विचारलं तेव्हा ते प्रामाणिकपणे म्हणाले, “माझ्याकडे असा अर्ज आलेलाच नाही.”

रजा हा हक्क नाही, हे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ स्पष्ट सांगतात, आणि अनेक अधिकारी तेवढंच वाक्य लक्षात ठेवतात. त्याच नियमात पुढे असंही आहे, की सेवेच्या निकडीमुळे रजा नाकारता येईल, पण कर्मचाऱ्याने लेखी विनंती केल्याशिवाय त्याने मागितलेल्या रजेचा प्रकार बदलता येणार नाही. म्हणजे सक्षम अधिकाऱ्यापुढे मंजुरी आणि नकार असे दोनच मार्ग आहेत. नकार मिळाला तर माणूस वर दाद मागू शकतो, दुसरी रजा मागू शकतो, आपला हिशेब जुळवू शकतो. अर्ज नुसता पडून राहिला तर त्याला यांतलं काहीच करता येत नाही. नकाराची सही करायला धैर्य लागतं, थांबवायला लागत नाही. म्हणून थांबवण्याचाच सुकाळ असतो.

यावर कायदा नाही का? आहे, आणि चांगला आहे. महाराष्ट्रात २००५चा, लोक ज्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात तो, १ जुलै २००६पासून लागू आहे. त्याच्या कलम १०नुसार कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. तातडीच्या फाइलला चार दिवस, अतितातडीच्या फाइलला एक दिवस. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, गरज असेल तर तीन महिन्यांत. जाणूनबुजून विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई.

बाईंच्या प्रकरणाला हा कायदा लावून पाहिला तेव्हा मला धक्का बसला. तालुक्याने प्रस्ताव नऊ दिवसांत पुढे पाठवला होता, सुट्ट्या वगळल्या तर सातच. जिल्हा कार्यालयाने पहिल्यांदा आठ दिवस घेतले. मंजुरी आदेशाला दहा दिवस. शल्य चिकित्सकांचं कार्यालय सोडलं, तर बहुतेक टेबलं सात दिवसांच्या आत किंवा आसपास होती. एकेक टेबल कायद्यात बसत होतं आणि प्रकरण तीन महिन्यांची मर्यादा ओलांडून आठ महिन्यांवर गेलं होतं. सात दिवसांचा नियम प्रत्येकाला स्वतःपुरता पाहायला शिकवतो. तीन महिन्यांची मर्यादा सबंध प्रकरणाला आहे, पण ते तीन महिने मोजणारा माणूस कोण, हे कार्यालयात ठरलेलं नसतं. माझ्या मते आपल्या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा खड्डा हाच आहे.

आणखी एका शब्दाचा हिशेब मांडायला हवा, तो म्हणजे ‘अनुदान नाही’. मंजुरी आदेश २२ डिसेंबरला निघाला. त्या लेखाशीर्षाखाली निधी उरलेला नव्हता. निधी आला १८ फेब्रुवारीला, म्हणजे ५८ दिवसांनी. अनुदान नाही म्हटलं की सगळ्यांचे हात वर होतात, कारण पैसा वरून येतो आणि खालचा लिपिक तो छापू शकत नाही. हे खरंच आहे. पण आहरण व संवितरण अधिकाऱ्याने निधीचं मागणीपत्र नियंत्रण अधिकाऱ्याकडे पाठवावं लागतं, तेव्हा वरून वाटप होतं. ते मागणीपत्र गेलं १९ जानेवारीला. ५८ दिवसांतले पहिले २८ दिवस अनुदान नव्हतं असं म्हणण्यापेक्षा ते मागितलंच नव्हतं असं म्हणायला हवं. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि ओळखायची खूण सोपी आहे. ‘अनुदान नाही’ असं उत्तर मिळालं, की मागणीपत्राचा जावक क्रमांक आणि दिनांक विचारावा. क्रमांक सांगता आला तर प्रकरण खरोखर निधीसाठी थांबलेलं आहे आणि जबाबदारी वर गेलेली आहे. सांगता आला नाही, तर ते अजून त्याच कार्यालयात आहे. निधी आल्यावर देयक तयार करणं, ते कोषागारात जाणं, आक्षेप येणं आणि मार्चअखेरच्या गर्दीत ते पारित होणं यात आणखी ३४ दिवस गेले. त्याबद्दल फार लिहीत नाही. कोषागारात निदान टोकन क्रमांक असतो आणि आक्षेप लेखी येतो, त्यामुळे तिथे कागद हरवत नाही.

माझे जुने सहकारी हे वाचून म्हणतील, की एका लिपिकाकडे तीन-तीन टेबलांचा कार्यभार आहे, पदं रिकामी आहेत, शल्य चिकित्सकांकडे जिल्हाभरातल्या सगळ्या खात्यांची बिलं येतात, मग कोणाकोणाला धरणार? ही तक्रार खरी आहे. पस्तीस दिवस लागले म्हणून त्या कार्यालयातल्या एखाद्या माणसाला मी दोषी धरत नाही. शिवाय वैद्यकीय बिलांत खोटेपणाही होतो, त्यामुळे तपासणी ढिली करा असंही मी म्हणणार नाही. बीजक मागितलं ते बरोबरच होतं. पण मनुष्यबळ कमी असेल, तर त्रुटीचं पत्र तीन कार्यालयांच्या पायऱ्यांनी उतरवण्याचा खर्च आपल्याला अजिबात परवडणारा नाही. शल्य चिकित्सकांनी त्रुटीची प्रत थेट कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर पाठवली असती आणि मूळ पत्र रीतीने फिरत राहिलं असतं, तर कोणाचंही काम वाढलं नसतं आणि १८ दिवस वाचले असते.

काहींना वाटतं, ई-ऑफिस आलं की हे सगळं आपोआप सुटेल. त्याचा उपयोग आहेच. फाइल कोणाच्या लॉगिनमध्ये आहे, किती तारखेपासून आहे, हे दिसतं आणि ते ५६ बेवारस दिवस बरेच कमी होतात. पण पडद्यावर दिसतं ते फाइल कोणाकडे आहे एवढंच. ती कशासाठी थांबली आहे आणि ती हलवायची कोणी, हे दिसत नाही. सेवापुस्तकासाठी अडलेली रजेची फाइल आस्थापना लिपिकाच्या लॉगिनमध्ये दिसेल, हलवायला मात्र पथकाला पत्र हवं. हे माणसाने लिहूनच ठेवावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. ज्या कार्यालयाने अर्जावर पहिला आवक शिक्का मारला, त्याच्या आस्थापना टेबलाने त्या प्रकरणाचं पालकत्व शेवटपर्यंत घ्यावं. कागद जिल्ह्याला गेला, शल्य चिकित्सकांकडे गेला, कोषागारात गेला, तरी तो कुठे आहे आणि कशासाठी आहे हे सांगण्याची आणि स्मरणपत्र काढण्याची जबाबदारी त्या टेबलाची. ज्या टेबलावर कागद असेल त्याने निर्णय घ्यायचा, पण तो घेतला जातो आहे की नाही हे पालक टेबलाने पाहायचं. तीन महिने मोजणारा माणूस तोच. आणि प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातल्या प्रत्येक प्रकरणावर चिठ्ठी असावी: कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याकडून, कोणती कृती, कोणत्या जावक क्रमांकाने मागितली आहे आणि पुढचं स्मरणपत्र कोणत्या तारखेला जाईल. ज्या प्रकरणावर ही चिठ्ठी लिहिता येणार नाही, ते प्रतीक्षाधीन नाही, ते अजून आपलंच प्रलंबित आहे आणि त्याने पहिल्या गठ्ठ्यात परत यावं.

अर्जदारांनाही एक सांगायचं आहे. ‘माझं बिल कुठवर आलं’ असं विचारू नका, त्याला ‘प्रलंबित’ हेच उत्तर मिळेल. आवक क्रमांक घेऊन जा आणि विचारा: आता यावर कोणी काय करायचं आहे, त्यांना ते कोणत्या पत्राने कळवलं आहे, त्या पत्राचा जावक क्रमांक काय? हे सौम्य शब्दांत विचारता येतं, आणि क्रमांक विचारला की अनेकदा ते पत्र त्याच दिवशी निघतं.

सेवापुस्तक नोव्हेंबरमध्ये मागवल्यावर पंधरा दिवसांत परत आलं. पण तोवर बाईंचा रजेचा अर्ज जुन्या गठ्ठ्यात खाली गेला होता. ३ जुलैला दिलेल्या त्या अर्जावर मंजुरीचा आदेश निघाला ११ एप्रिलला. आदेशाचा मजकूर पाच ओळींचा होता.